कानाला दडा बसला होता, पण मळाचा नव्हता: एका अचानक बहिरेपणाची हकिकत

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या दवाखान्यातलं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात कुणी मोठी चूक केली नाही. प्रत्येकाने त्या त्या वेळी पटण्यासारखंच काहीतरी केलं, आणि तरी सहा दिवस गेले. म्हणूनच ते लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

रुग्ण पुरुष, वय ४४, वजन ७२ किलो. काम हिशेबाचं, दिवसातले चार-पाच तास फोनवर. सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह, गोळ्या चालू. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ७.४ टक्के, म्हणजे फार वाईट नाही, पण अगदी काबूतही नाही. कानाचा पूर्वीचा कसलाही त्रास नाही. आठवड्याभरापूर्वी सर्दी होऊन गेली होती. ही सर्दी पुढे सगळ्यांची दिशाभूल करणार होती.

रविवारी रात्री सगळं ठीक होतं. सोमवारी सकाळी उठले तेव्हा उजव्या कानाला दडा बसलेला आणि त्याच कानात बारीक, एकसुरी शिट्टी. पंखा बंद केला तरी शिट्टी थांबेना. ऑफिसात नेहमीच्या सवयीने फोन उजव्या कानाला लावला तर पलीकडून काहीच नाही. फोन बिघडला असं समजून त्यांनी दोनदा तो बंद-चालू केला. मग सहज डाव्या कानाला लावला, तर समोरचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता.

ही फोनची गोष्ट मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. एका कानाचं ऐकू येणं गेलं तरी दुसरा कान इतकं सांभाळून घेतो की माणसाला "ऐकू येत नाही" असं वाटतच नाही. त्याला वाटतं कान भरलाय, जड झालाय, किंवा कानात आवाज येतोय. म्हणून तक्रार सांगताना "बहिरेपणा" हा शब्द क्वचितच येतो. या रुग्णानेही तो वापरला नाही. त्यांची तक्रार होती, "सर्दीने कान बंद झालाय आणि शिट्टी वाजतेय."

समस्या कशी लांबत गेली

दुसऱ्या दिवशी ते आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कानात पाहिलं, उजव्या कानात मळ दिसला. सर्दीचा इतिहास होताच. मळ मऊ करणारे थेंब आणि सर्दीच्या गोळ्या दिल्या, चार दिवसांनी मळ काढू म्हणाले. यात वावगं काही नाही. कान बंद झालेल्या बहुतेक माणसांचं खरोखर हेच असतं. पण मळ दिसणं आणि मळामुळे ऐकू न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळी जवळपास पूर्ण बुजल्याशिवाय मळाने ऐकणं फारसं कमी होत नाही, आणि बुजली तरी फोनवरचं काहीच ऐकू येऊ नये इतकं ते जात नाही.

चौथ्या दिवशी, शिट्टी कमी होईना म्हणून, त्यांनी एका ठिकाणी ऐकण्याची तपासणी करून घेतली. तिथून जो आलेख मिळाला त्याने गोंधळ आणखी वाढवला. आलेखात उजव्या कानाचं हवेतून ऐकणं ६० डेसिबलच्या आसपास खाली गेलेलं होतं, पण हाडातून ऐकणं मात्र जवळपास नॉर्मल होतं. असा आलेख वाचणारा कुणीही म्हणेल: आतला कान आणि नस चांगली आहे, आवाज वाटेत अडतोय. म्हणजे मळ, किंवा पडद्यामागे सर्दीचं पाणी. फॅमिली डॉक्टरांना तो आलेख दाखवला आणि त्यांची खात्रीच पटली.

पाचव्या दिवशी रुग्णाच्या पत्नीने माझ्या दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरून दोन प्रश्न विचारले गेले: दुखतंय का? कानातून पाणी येतंय का? दोन्हींचं उत्तर नाही. मग चार दिवसांनंतरची वेळ दिली गेली. माझ्याच टेबलावरून.

सहाव्या दिवशी, शनिवारी, फॅमिली डॉक्टरांनी मळ काढला. पडदा स्वच्छ, चमकदार दिसला, मागे पाणी नाही. आणि रुग्ण म्हणाला, "काहीच फरक नाही." इथे त्या डॉक्टरांनी जे केलं त्याला मी मानतो. "दोन दिवस बघू" न म्हणता त्यांनी मला तिथूनच फोन लावला: "मळ निघाला, पडदा चांगला आहे, आलेख म्हणतो नस चांगली आहे, पण माणसाला ऐकू येत नाही. माझं गणित जुळत नाही." मी त्यांना त्याच संध्याकाळी पाठवायला सांगितलं.

निदान: नादकाटा आणि आलेख यांचं भांडण

अशा रुग्णाकडे पहिली गरज असते एकाच प्रश्नाच्या उत्तराची: आवाज वाटेत अडतोय, की तो घेणारा आतला कानच बंद पडलाय? पहिल्यात घाई नसते. दुसऱ्यात असते. आणि हे सांगायला शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला नादकाटा पुरतो, ५१२ हर्ट्झचा.

वाजता नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवला. त्याचा कंप कवटीच्या हाडातून दोन्ही आतल्या कानांपर्यंत सारखाच पोचतो. मळ किंवा पाण्यामुळे कान बंद असेल तर आवाज त्या बंद कानात मोठा वाटतो, कारण बाहेरचा गोंगाट तिथे येत नाही आणि आतला कंप बाहेर पडत नाही. स्वतःच्या एका कानात बोट घालून तोंड मिटून "हूंऽऽ" करून पाहिलं की हे लगेच कळतं: आवाज बोट घातलेल्या कानाकडे ओढला जातो. आतला कानच गेला असेल तर उलट होतं, आवाज चांगल्या कानात जातो.

रुग्णाने डाव्या कानाकडे बोट दाखवलं. चांगल्या कानाकडे. मी पुन्हा विचारलं, पुन्हा डावीकडेच.

दुसरी तपासणी मात्र आलेखाच्या बाजूने बोलत होती. नादकाटा उजव्या कानासमोर धरला तर ऐकू येईना, कानामागच्या हाडावर टेकवला तर ऐकू येई. पुस्तकात याचा अर्थ दिलेला असतो की आवाज वाटेत अडतोय. पण इथे एक फसगत आहे. उजव्या कानामागच्या हाडावर ठेवलेला कंप जवळपास काही न गमावता कवटीतून डाव्या कानापर्यंत जातो. रुग्ण प्रामाणिकपणे म्हणतो "येतंय", पण ते ऐकत असतो डावा कान. ते तपासायला मी त्यांच्या डाव्या कानापाशी कागद चुरगाळत राहिलो, तो कान गोंगाटात गुंतवून ठेवला, आणि नादकाटा पुन्हा उजव्या हाडावर ठेवला. आता ते म्हणाले, "नाही, काहीच नाही."

चौथ्या दिवसाच्या आलेखातही नेमकं हेच झालं होतं. ऐकण्याची तपासणी करताना दोन कानांत मोठा फरक असेल तर चांगल्या कानात सौम्य खरखर सोडावी लागते, त्याला मास्किंग म्हणतात. हेडफोनमधून एका कानात दिलेला आवाज चाळीस-पन्नास डेसिबलच्या पुढे गेला की कवटीतून दुसऱ्या कानाला ऐकू जायला लागतो. हाडावर ठेवलेल्या यंत्राचा आवाज तर जवळपास सगळाच पलीकडे जातो. मास्किंग नसेल तर वाईट कानाच्या नावाने चांगल्या कानाची सावली कागदावर उमटते. हवेतून ६० डेसिबल, हाडातून नॉर्मल: त्या आलेखात उजवा कान नव्हताच, डाव्याची सावली होती. आकडे खोटे नव्हते. ते दुसऱ्याच कानाचे होते.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे मास्किंग लावून पुन्हा तपासणी झाली. डावा कान सगळीकडे १० ते १५ डेसिबल, म्हणजे उत्तम. उजवा: ५०० हर्ट्झला ७५, १००० ला ८०, २००० ला ८५ आणि ४००० ला ९०. हाडातूनही तितकंच कमी. शब्द मोठ्याने ऐकवले तरी उजव्या कानाने जवळपास एकही ओळखता आला नाही.

तीन दिवसांच्या आत, लागून असलेल्या तीन स्वरपट्ट्यांत ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट, आणि तीही नसेच्या बाजूची, ही अचानक बहिरेपणाची नेहमीची व्याख्या आहे. इथे ती दुपटीहून अधिक ओलांडली गेली होती.

आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत पाहावी लागते, ती म्हणजे मेंदू. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी बारीक असते आणि तिला पर्यायी वाट नसते. तिच्या मुळाशी मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडला तर पक्षाघाताची सुरुवातही अचानक बहिरेपणाने होऊ शकते. म्हणून चेहरा वाकडा होतोय का, बोलणं अडखळतंय का, सरळ रेषेत चालता येतंय का, डोळे एका बाजूला झटके देतायत का, एकाचे दोन दिसतायत का, हे सगळं तपासलं. काहीच नव्हतं. यातलं एक जरी असतं तरी कानाचा विचार बाजूला ठेवून त्यांना थेट इमर्जन्सीत पाठवलं असतं. दोन्ही कान एकदम गेले असते तरी शोधाची दिशा वेगळी झाली असती.

पर्याय

अशा दहातल्या सुमारे नऊ रुग्णांत नेमकं कारण सापडत नाही. विषाणूचा हल्ला, रक्तपुरवठ्याचा अडथळा, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीची गडबड, असे अंदाज आहेत. म्हणून उपचारही कारणावर नेमका नसतो. हे मी रुग्णाला सुरुवातीलाच सांगितलं, कारण पुढचा निर्णय त्यावरच अवलंबून होता.

ते म्हणाले, "डॉक्टर, काहीच केलं नाही तर?"

प्रश्न रास्त होता. काहीही न करता साधारण एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश रुग्णांत थोडंफार ऐकू परत येतं, आणि ते येणार असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत येतं. पण घट जितकी खोल तितकी ही शक्यता कमी. यांची घट खोल होती. गरगरणं नव्हतं, ही जमेची बाजू. चक्कर असेल तर सुधारणेची आशा आणखी घटते.

मुख्य औषध म्हणजे स्टेरॉइड. त्यामागचा पुरावा मी फुगवून सांगत नाही. १९८० च्या एका जुन्या अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ६१ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ३२ टक्के रुग्ण सुधारले होते. त्या आकड्यांवर नंतर बरेच आक्षेप आले आणि पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं स्वच्छ दिसलं नाही. तरी अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइडचा पर्याय रुग्णापुढे ठेवावा असं म्हणते. कारण गमावण्यासारखं बरंच आहे आणि अल्पकाळाच्या औषधाचा धोका बहुतेकांना झेपतो. दोन आठवड्यांची मर्यादा म्हणजे तेराव्या दिवसापर्यंत आरामात बसावं असा अर्थ नाही. दिवस जातील तशी आशा मावळत जाते. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की ऐकू येणं तीन दिवसांच्या आत अचानक गेलं असेल आणि ते गेल्या तीस दिवसांत घडलं असेल, तर रुग्णाला चोवीस तासांच्या आत तज्ज्ञाने पाहिलं पाहिजे.

स्टेरॉइड द्यायच्या दोन वाटा होत्या. गोळ्या: किलोमागे एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, जास्तीत जास्त रोज ६०, एक-दोन आठवडे पूर्ण मात्रा आणि मग कमी करत बंद. किंवा पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन, म्हणजे औषध तिथल्या तिथे मुरतं आणि अंगभर फारसं जात नाही. २०११ मध्ये अमेरिकेत २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत या दोन्ही वाटा सरासरीने सारख्याच उतरल्या.

मधुमेही माणसासाठी दुसरी वाट वरकरणी सोयीची. पण शनिवारची संध्याकाळ होती. इंजेक्शनची तयारी सोमवारपर्यंत होणार नव्हती. गोळ्या त्याच क्षणी सुरू करता येत होत्या. माझ्यापुढे प्रश्न होता: दोन दिवस आणखी जाऊ द्यायचे की साखर चढण्याचा धोका पत्करायचा?

जोडीला जास्त दाबाखालचा ऑक्सिजन देण्याचा पर्यायही मार्गदर्शिकेत आहे, स्टेरॉइडसोबत. त्यासाठी रोज विशिष्ट चेंबरमध्ये बसावं लागतं, आणि तशी सोय त्यांना जाण्या-येण्याजोगी नव्हती. विषाणूविरोधी गोळ्या आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं मी दिली नाहीत. त्यांचा उपयोग दिसलेला नाही, आणि मार्गदर्शिकाही ती सरसकट देऊ नका असं सांगते. रुग्णाच्या पत्नीला हे पटायला वेळ लागला. "नस आहे ना, मग नसेची ताकदीची गोळी?" असा त्यांचा प्रश्न होता. जीवनसत्त्वाची गोळी दिली असती तर त्यांचं समाधान झालं असतं, कानाचं नाही.

काय केलं

गोळ्या त्याच रात्री सुरू केल्या. ६० मिलिग्रॅम, पहिला डोस जेवणानंतर लगेच, पुढचे रोज सकाळी नाश्त्यानंतर. त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. साखर रोज चार वेळा मोजायची ठरली, आणि २५० च्या वर गेली तर त्यांना कळवायचं. एक बारकावा त्यांनी सुचवला, तो मला उपयोगी पडला: सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवतं, पहाटे ती बरीचशी खाली असते. म्हणून फक्त उपाशीपोटी साखर मोजणारा रुग्ण आपण ठीक आहोत या समजात राहतो.

तसंच झालं. नवव्या दिवशी पहाटेची साखर १३८, संध्याकाळची ३१२. मधुमेहाच्या डॉक्टरांनी तात्पुरतं इन्सुलिन जोडलं. रुग्ण घाबरले, गोळ्या बंद करू का म्हणाले. झोप उडाली होती, आणि जागेपणी शिट्टी अधिकच ऐकू येत होती. आम्ही पूर्ण मात्रा सात दिवसांवर थांबवली आणि नंतरच्या आठवड्यात कमी करत आणली.

तेराव्या दिवशी पुन्हा आलेख. ५०० हर्ट्झ ७५ वरून ५५ वर, १००० हर्ट्झ ८० वरून ६५ वर आलं होतं. वरच्या पट्ट्या जवळपास जागच्या जागी, ८० आणि ९०. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती. पहिल्या उपचाराने अर्धवट फायदा झाला तर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यादरम्यान कानात इंजेक्शन देऊन पाहावं, असा या आजारातला नेहमीचा मार्ग आहे. सतराव्या दिवसापासून दोन आठवड्यांत चार इंजेक्शनं दिली.

याची भीती लोकांना उगाच जास्त वाटते, म्हणून थोडं सांगतो. रुग्ण आडवा, कान वर. पडद्याचा छोटा भाग बधिर करून बारीक सुईने अर्धा मिलिलिटरच्या आसपास औषध आत. औषध अंगाच्या उबेइतकं कोमट हवं, नाहीतर आतल्या कानाला गारवा लागून खोली गरगरायला लागते. मग अर्धा तास त्याच कुशीवर पडून राहायचं, शक्यतो गिळायचं नाही आणि बोलायचं नाही, कारण प्रत्येक गिळण्याबरोबर मधल्या कानातून घशाकडे जाणारी नळी उघडते आणि औषध तिथून ओघळतं. रुग्णाच्या मते सगळ्यात कठीण भाग हाच होता. "अर्धा तास गप्प पडायचं आणि शिट्टी ऐकायची," असं ते दुसऱ्या इंजेक्शननंतर म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात एमआरआय केला, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा, शिरेतून औषध देऊन. अशा रुग्णांपैकी थोड्या जणांत त्या नसेवर सावकाश वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ सापडते. सीटी स्कॅनमध्ये ती निसटू शकते, म्हणून सीटी केला नाही. इथे कोणत्या गोष्टीची घाई आहे आणि कोणत्या नाही, याची गल्लत होते. उपचाराची घाई असते, एमआरआयची नाही. ती गाठ असलीच तरी वर्षांच्या गतीने वाढते. मात्र ऐकू परत आलं म्हणून एमआरआय टाळू नये, कारण गाठ असलेल्यांतही ऐकणं काही काळ सुधारू शकतं. यांचा एमआरआय स्वच्छ निघाला.

निकाल

तीन महिन्यांनंतर उजवा कान: ५०० हर्ट्झला ३०, १००० ला ४०, २००० ला ६०, ४००० ला ७५. शब्द ओळखण्याची क्षमता शून्याजवळून ६० टक्क्यांपर्यंत आली. चार पट्ट्यांची सरासरी सुमारे ८३ वरून ५१ वर. पूर्ण बरा नाही, पण ज्या कानाला श्रवणयंत्राचा उपयोग होईल असा कान. यातलं किती औषधाने आलं आणि किती आपोआप, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. मी सांगतही नाही.

शिट्टी गेली नाही. तिच्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण रुग्णाच्या दृष्टीने बहिरेपणापेक्षा तीच मोठी होती. आतल्या कानाकडून एखाद्या पट्टीतला संदेश येणं थांबलं की मेंदू त्या पट्टीचा आवाज जणू वाढवून ठेवतो, आणि तोच शिट्टी म्हणून ऐकू येतो. यांची शिट्टी बारीक होती आणि नुकसान वरच्या पट्ट्यांत होतं, ते जुळतंच. ती बंद करणारी गोळी नाही. फायदा झाला तो दोन गोष्टींनी. रात्री उशाशी अगदी हलका, सलग आवाज ठेवला, शिट्टी बुडेल इतका मोठा नाही, फक्त खोली पूर्ण शांत राहणार नाही इतकाच. आणि चौथ्या महिन्यात उजव्या कानाला श्रवणयंत्र लावलं, त्यामुळे त्या कानाला बाहेरचं ऐकायला मिळू लागलं. "आवाज आहे, पण त्याच्याकडे बघायला वेळ नसतो," असं ते सहा महिन्यांनी म्हणाले. मला ते वर्णन आवडलं.

शिट्टीबद्दल आणखी एक, जे या प्रकरणातून वेगळं काढता येतं. नुसती शिट्टी एकाच कानात नव्याने सुरू झाली आणि टिकून राहिली, तर "ऐकू तर नीट येतंय" या रुग्णाच्या म्हणण्यावर विसंबू नये. दुसरा कान झाकून घेतो. फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावून पाहिला आणि एका बाजूला आवाज पातळ किंवा बेसूर वाटला, तर मास्किंगसह आलेख त्याच आठवड्यात व्हायला हवा. आवाज शिट्टीसारखा नसून नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर तो वेगळा विषय, त्यात रक्तवाहिन्यांचा शोध घ्यावा लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

फॅमिली डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी नादकाटा असता तर निदान तिथेच झालं असतं. तो नसला तरी रुग्णाला तोंड मिटून "हूंऽऽ" करायला लावून आवाज कोणत्या कानात येतो हे विचारता आलं असतं. चांगल्या कानात येतो म्हटलं की मळ कितीही दिसो, संशय आतल्या कानाचा. ही युक्ती निदान करत नाही, फक्त फोन आज करायचा की पुढच्या आठवड्यात हे ठरवायला मदत करते. ते डॉक्टर आता नादकाटा टेबलाच्या खणात ठेवतात.

मास्किंग नसलेल्या आलेखाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दोन कानांतल्या हवेच्या आकड्यांत चाळीस किंवा जास्त डेसिबलचा फरक असेल आणि कागदावर मास्किंगचा उल्लेख नसेल, तर तो कागद अर्धवट समजावा. काहीच तपासणी नसती तर फॅमिली डॉक्टर कदाचित लवकर साशंक झाले असते. चुकीच्या आश्वासनाने दोन दिवस खाल्ले.

माझा स्वतःचा निर्णयही मी पुन्हा तपासतो. साखर पाहता यांना सुरुवातीपासून इंजेक्शन देणं योग्य ठरलं असतं, किंवा शनिवारी-रविवारी गोळ्या आणि सोमवारपासून इंजेक्शन. गोळ्यांनी काय होतंय ते पाहत मी सतराव्या दिवसापर्यंत थांबलो. इन्सुलिन, उडालेली झोप आणि ते घाबरणं, यातलं बरंच टळलं असतं. कान वेगळा लागला असता का, ते सांगता येणार नाही.

आणि रिसेप्शन. दुखतंय का आणि पाणी येतंय का हे प्रश्न जंतुसंसर्ग पकडतात. अचानक बहिरेपणा दुखत नाही आणि गळत नाही, म्हणून त्या चाळणीतून तो सरळ खाली पडतो. आम्ही प्रश्न बदलले: एकाच कानाला आहे का? एका-दोन दिवसांत झालं का? त्या कानाला फोनवर ऐकू येतं का? पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही किंवा कमी असेल, तर त्याच दिवशी बोलवायचं, वेळ नसेल तर शेवटी.

हे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अशा तातडीने आलेल्या बहुतेकांच्या कानातून मळच निघाला. रिसेप्शनवरच्या ताई एकदा थोड्या वैतागूनच म्हणाल्या, "डॉक्टर, आजचाही मळच होता." मी म्हटलं, मळ असेल तर दहा मिनिटांत काढून घरी पाठवू, उद्याही असाच फोन आला तर उद्याही बोलवा.